चार पाट्यांचा सिनेमा

“काका, हीसुद्धा जाणार,” असं म्हणत पुतणीने तिसरी पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली. पहिल्या दोघी तिथे आधीच शिक्षा झाल्यासारख्या उभ्या होत्या.

पेंटरने ब्रश कानामागे खोचला. “का? अक्षर वाकडं आलंय?”

“अक्षर झकास आलंय हो. पण ‘आज तिला कामावर जायचं नाही’ हे आपणच आधी सांगून टाकलं, तर काकू गणवेश चढवून दारापर्यंत जाते, ते लोकांनी कशाला बघायचं?”

चाळीस वर्षं पेंटरने दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. मग छापील फलक आले आणि गिऱ्हाइकांनी अत्यंत प्रेमाने त्याची विचारपूस सुरू केली, म्हणजे काम देणं बंद केलं. त्यामुळे पुतणीने ‘स्पर्धेसाठी तीन मिनिटांचा सिनेमा आहे, आवाज अजिबात नाही, मधे चार पाट्या लागतील’ म्हटल्यावर गड्याने त्याच संध्याकाळी रंगाचे डबे उघडले. नाव लागणार होतं: अक्षरलेखन, पेंटरकाका.

पहिल्या दिवशी त्याने चकचकीत रंग वापरला. दिव्याखाली पाटी अशी लखलखली की कॅमेऱ्यात अक्षराऐवजी दिवाच दिसला. मग काळ्या पुठ्ठ्यावर पांढरा, बिनचमकीचा रंग आला. कडेची नक्षी गेली, कारण लोक वाचायचं सोडून नक्षी बघत बसतात. चारी बाजूंना ऐसपैस जागा सुटली. प्रत्येक पाटी पडद्यावर किती वेळ ठेवायची, ते पुतणी मनातल्या मनात सावकाश दोनदा वाचून ठरवायची. पेंटर एकदाच वाचायचा, पण अभिमानाने.

नटी म्हणजे काकू, पेंटरची बायको. महिन्यापूर्वीच हॉस्पिटलातून निवृत्त झालेली नर्स. गोष्टही तिचीच. पहाटे उठते, इस्त्रीचा गणवेश घालते, छातीवर ते उलटं लटकणारं घड्याळ टाचते, दाराशी येते. तिथे कोमेजलेला गुच्छ, त्याला ‘निवृत्तीच्या शुभेच्छा’ अशी चिठ्ठी. गुच्छाचं जवळून चित्र आधी, काकूचा चेहरा नंतर. ती थांबते. बस.

“अगं बाई, विसरलेच की!” काकू म्हणाली.

“कट! काकू, बोलायचं नाही.”

“आवाज कुठे येणारे?”

“ओठ हलतात ना! प्रेक्षक मग ऐकायला बघतात. तू फक्त पिशवी खाली ठेव.”

“चौतीस वर्षं पेशंटना गप्प बसवलं,” काकू म्हणाली, “आता माझी पाळी.” पण पिशवी तिने अशी ठेवली की पेंटर हातातला ब्रश पुसायचा विसरला.

उरली चौथी पाटी: ‘आता मोजायचं नाही.’ ही त्याच्या सगळ्या कामात देखणी उतरली होती. ‘ज’ची गाठ तर तो उठल्यासुटल्या बघून यायचा.

शेवटच्या प्रसंगाला नवरा हवा होता, निदान त्याचा हात. पेंटर खुर्चीत झोपलेला नवरा झाला. कॅमेरा फक्त मनगटावर. काकूने सवयीने तीन बोटं नाडीवर ठेवली आणि मान खाली घालून घड्याळ पाहिलं. तिची नजर क्षणभर अडखळली. तिने घड्याळ काढलं, बाजूच्या टेबलावर पालथं ठेवलं. बोटं नाडीवरून सरकली आणि तळहातात शिरली. तिथेच राहिली.

पेंटर डोळे मिटून होता. ही बाई महिनाभर घरात होती, आणि तो महिनाभर पुठ्ठ्याला हात लावून बसला होता.

“कट. छान!” पुतणी म्हणाली. “आता यावर चौथी पाटी.”

काकू गणवेश बदलायला आत गेली. पेंटर उठला, पाटीपाशी गेला. पुतणी घाईने म्हणाली, “ही राहू दे हं काका, तुमच्यासाठी.”

“माझ्यासाठी सिनेमा काढतेस?” त्याने ती उचलली आणि बाकी तिघींच्या रांगेत नेऊन लावली. “तिने सगळं सांगितलंय. मी परत कशाला ओरडू?”

“मग तुमचं नाव…”

“गुच्छाच्या चिठ्ठीवरचं अक्षर माझंच आहे ना. तेवढं पुरे.”

स्पर्धेच्या दिवशी लहानसं सभागृह होतं, खुर्च्या कुरकुरणाऱ्या. पडद्यावर घड्याळ पालथं पडलं. बोटं तळहातात शिरली. चित्र तसंच राहिलं, हलेना. खुर्च्यांची कुरकुरही थांबली.

काकू त्याच्या कानाशी कुजबुजली, “अहो, तुमची पाटी कुठाय?”

“थांब जरा,” पेंटर म्हणाला, “लोक वाचतायत.”