हिराचं पदक मी आठ दिवस सांभाळलं

मी एक जुनी, कडेला दोरी बांधलेली, चिव्याच्या बांबूची मासळीची टोपली आहे. मालवणच्या किनाऱ्यावर, हिराच्या पडवीत, कोपऱ्यात पडून असते. मित्रांनो, मी शाळेत गेलेली नाही. पण माणसं ओळखते. चाळीस वर्षं बायकांच्या डोक्यावर बसून जग बघितलंय, खाली बसून नव्हे.

एका बुरडाने मला विणलं. पट्ट्या तासताना त्याचा अंगठा फाटला, तरी वीण सैल पडू दिली नाही त्याने. आठवड्याच्या बाजारात हिराच्या सासूने मला घेतलं. पुढे मी हिराच्या डोक्यावर आले. बंदरावर होडी लागली की माझ्यात बांगडे, तारल्या, कधी नशीब असलं तर सुरमई. खाली कापडाची चुंबळ, वर मी, माझ्यातून गळणारं खारं पाणी हिराच्या मानेवर. बंदर ते बाजार तीन कोस रोज. सोबत नेहमी यशोदा, तिची शेजारीण आणि बालमैत्रीण. यशोदा नेहमी दहा पावलं पुढे. "चल गो, तारली सडात वाटेर!" असं ओरडायची. हिरा तिला नवऱ्यावरून चिडवायची, "तू जा गो राणी, तुझो घोवच बाजारात बसलोसा जणू."

बाजारात लोक म्हणायचे, "टोपली बघा कशी स्थिर." माझं कौतुक! हिराच्या मानेचं कोणी करत नसे. मीही तेव्हा मिजाशीत होते, कबूल करते.

मग टेम्पो आले, प्लास्टिकचे क्रेट आले. मला पडवीत टाकलं. तांबड्या कोंबडीने माझ्यात अंडी घातली. बोलून कोण ऐकणार?

गेल्या वर्षी हिराची भाची योगिनी आली. ती शाळेत खेळ शिकवते. म्हणाली, "मावशी, ओरोसला जिल्ह्याच्या स्पर्धा आसत. साठीच्या वरच्या बायकांका तीन किलोमीटर चालण्याची शर्यत. तू आणि यशोदा मावशी नाव घाला."

शेजारी बसलेली यशोदा हसली. "चालूक आमका शिकवतंस? चाळीस वर्सां चाललंव. पदक घरातच आसा समज."

पण योगिनीने दोघींना वाळूवर चालायला लावलं आणि कपाळावर हात मारला. या शर्यतीत दोन नियम. एक, कुठला तरी एक पाय जमिनीला टेकलेलाच हवा, दोन्ही उचलले तर ते धावणं. दुसरा, पुढचा पाय टेकला की गुडघा सरळ, आणि अंग त्याच्यावर येईपर्यंत सरळच. चूक दिसली तर पंच आधी पिवळी पाटी दाखवून ताकीद देतात. तरी सुधारली नाही तर लाल कार्ड. तीन वेगळ्या पंचांची तीन लाल कार्डं झाली की बाहेर.

आणि आमच्या बायका चालतात गुडघे वाकवून! का? माझ्यामुळे. गुडघा वाकवला की धक्का गुडघ्यातच मरतो, टोपली हलत नाही. चाळीस वर्षांची ती सवय मीच लावली होती. ज्या गोष्टीचं कौतुक झालं, तीच आता चूक ठरली.

यशोदाने मान उडवली. "पंचांका मासे विकूक सांगा, मगे गुडघे बघूया." ती सरावाला आली नाही.

हिरा मात्र रोज आली. बाजार उरकून, ओहोटीच्या घट्ट ओल्या वाळूवर. तिने मला कोंबडीखालून काढलं, धुतलं, माझ्यात काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या ठेवला आणि मला डोक्यावर घेतलं. सरळ गुडघ्याने चालून पाणी सांडता कामा नये, असा तिचा नेम. मधेच उडी बसली, दोन्ही पाय सुटले की तांब्या सांगायचा. पहिले आठ दिवस ती घरी ओलीचिंब. पोटऱ्या दुखायच्या, नडग्यांच्या पुढची शीर पेटायची. रात्री पायाला खोबरेल चोळायची आणि मला म्हणायची, "तुका काय, तू बसलंस वर." खरंच होतं. मी थकले होते, पण ती जास्त. हळूहळू कंबर फिरायला लागली, गुडघा सरळ पडायला लागला. चौथ्या महिन्यात तांब्यातलं पाणी चमचाभरही सांडेना.

स्पर्धेच्या दिवशी भाकरी आणि सुकट घेऊन मी मैदानावर होते. साडेसात फेऱ्या. यशोदा पहिल्या फेरीपासून पुढे, सवयीप्रमाणे. दुसऱ्या फेरीत पिवळी पाटी. तिने बघितलीच नाही. पाचव्या फेरीपर्यंत तीन लाल कार्डं झाली आणि मुख्य पंचाने तिला थांबवलं. ती सावलीत माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या कडेचा एक बांबू नखाने उसवत राहिली.

हिरा तेव्हा चौथी होती. सहाव्या फेरीत सावंतवाडीची एक बाई मागून लागली. हिराच्या खांद्यात धावायची ओढ दिसली मला. एका पंचाने पिवळी पाटी वर केली. हिराने दम घेतला, पाऊल आखूड केलं, गुडघा सरळ केला. आणि तसंच, तसंच करत पुढचीला मागे टाकलं. तिसरी आली. कांस्यपदक.

यशोदा तोवर उठून एकटीच एसटीने निघून गेली होती.

मित्रांनो, पुढचे आठ दिवस मला फार जड गेले. बाजारात अभिनंदनाचा फलक लागला. येणारा जाणारा म्हणे, "अभिनंदन काकी! या वयात कमाल!" या वयात! वय चाललं का ते अंतर? हिरा मान हलवायची आणि बाजूच्या जागेकडे बघायची. यशोदा तिथेच बसत होती, पण पाठ फिरवून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघींमध्ये बोलणं नव्हतं. हिराने पदक माझ्यात, जुन्या कापडाखाली ठेवलं. "तिणा बघल्याशिवाय माका ता गळ्यात नको," असं योगिनीला म्हणाली.

नवव्या दिवशी यशोदा पडवीत आली. चपला काढल्या नाहीत, म्हणजे भांडायला किंवा लगेच जायला.

"खंय ठेवलंस ता?"

हिराने माझ्याकडे बोट केलं. यशोदाने कापड बाजूला सारून पदक उचललं, हातावर तोललं.

"तांब्याचा दिसता. माजी चुन्याची डबी यापेक्षा जड."



"ऐक," यशोदा म्हणाली. आवाज खाली आला. "सहाव्या फेरीत ती मागसून लागली, तेव्हा तुझो गुडघो वाकूक लागलो होतो. माका सावलीतसून दिसलो. पिवळी पाटी बघलंस, आणि तू पाऊल आखूड केलंस. धावलंस नाय. मी असतंय तर धावलंय असतंय. धावलंयच मी, म्हणून भायर. चार महिने तू पाणी घेऊन वाळूर फिरलंस, मी खिडकीतसून हसलंय. ह्या पदक तुझा आसा हिरा. अभिनंदन गो."

हिराच्या डोळ्यांत पाणी आलं. "सांडला बघ," ती म्हणाली. "कितक्या दिवसांनी."

"गप बस, मेले," यशोदा म्हणाली आणि चपला काढल्या. मग माझ्याकडे बघून पुटपुटली, "कड मीच उसवलंय त्या दिवशी." तिने कनवटीतून जाळ्याची नायलॉनची दोरी काढली आणि माझी कड आवळून बांधली. "उद्यापासून सरावाक माका दी ही. तांब्यो माजो आसा."

मित्रांनो, मी म्हातारी झालेय, जास्त ओझं आता पेलणार नाही. पण एवढं सांगते. एखाद्याला शाबासकी द्यायची तर आधी त्याचे पाय बघा, कुठे वाकले, कुठे सरळ झाले, ते सांगा. नुसतं "अभिनंदन" रस्त्यावरचे फलकही म्हणतात. आणि ज्यांनी वर्षानुवर्षं तुमचं ओझं वाहिलं, त्यांची कड उसवली असेल तर कोंबडीखाली टाकू नका. दोरीचे चार वेढे पुरतात.

उद्या ओहोटी सकाळी आहे. मला जायचं आहे.