पालकांच्या ग्रुपमधला चौकोन

निलेशच्या कार्डावर 'डिजिटल स्ट्रॅटेजिस्ट' असं छापलंय. खाली तीन फोन नंबर आणि एका हसऱ्या माणसाचा फोटो, तोही त्याचा स्वतःचा नाही. मळवलीपासून लोहगडवाडीपर्यंत ज्यांनी ज्यांनी घराला पाहुण्यांची खोली काढली, त्या सगळ्यांना या पठ्ठ्यानं वेबसाइट करून दिल्यात. करून म्हणजे काय, दुसऱ्याची उचलायची, नाव बदलायचं, फोटो बदलायचे आणि 'सर, मस्त झाली' म्हणायचं. लोणावळ्यात मी, रुमाईसा, हेच काम रीतसर शिकून आठ वर्षं करतेय, आणि लोक मलाच विचारतात, 'निलेशपेक्षा तुमचं काय वेगळं?' काय सांगायचं, कप्पाळ?

तर त्या गुरुवारी अकराच्या सुमारास नंदाबाई माझ्या भांगरवाडीतल्या खोलीत आल्या. लोहगडवाडीत त्यांचं घर आहे. गड बघायला येणाऱ्यांना राहायला दोन खोल्या, पुढं मोठी पडवी आणि चुलीवरचं जेवण. बाई मानी, हात चालता, बोलणं सरळ. घाम पुसत त्यांनी फोन माझ्यापुढं धरला.

"पोरी, हे काय झालंय बघ. मॅडम लय रागावल्यात."

त्यांनी कॉलेजच्या मॅडमना पाठवलेली लिंक होती. लिंकसोबत आपोआप उमटणाऱ्या चौकोनात पोहण्याचा निळाशार तलाव, काठावर दोन ग्लास, आणि ठळक अक्षरांत 'कपल फ्रेंडली पूल व्हिला, फुल प्रायव्हसी, रात्रभर म्युझिक'. मी लिंकवर बोट ठेवलं तर आत सगळं बरोबर. नंदाबाईंची पडवी, पिठलं-भाकरी, गडाची वाट. म्हणजे घर खरं आणि दारावरची पाटी भलत्याचीच.

प्रकरण असं होतं. पुण्याच्या एका कॉलेजातल्या अपेक्षा मॅडम बेचाळीस मुलींचं दोन दिवसांचं शिबिर नंदाबाईंकडे आणणार होत्या. स्वतः येऊन राहून, जेवून गेल्या होत्या. जमलं तर दरवर्षी इथंच, असं म्हणाल्या होत्या. नंदाबाईंनी त्या भरवशावर शेजारच्या तीन बायकांना स्वयंपाकाला धरलं होतं आणि मागं नवीन संडास-बाथरूम बांधून घेतलं होतं. आता फक्त पालकांचा होकार बाकी होता. मॅडमनी पालकांच्या ग्रुपमध्ये नंदाबाईंचा नंबर घातला होता, म्हणजे कुणाला काही विचारायचं तर थेट विचारता येईल. पाच वाजता नंदाबाईंनी त्या ग्रुपात आपल्या घराची लिंक टाकायची, पालकांनी बघायची आणि तिथंच हो-नाही कळवायचं.

"मॅडम म्हणल्या, हे चित्र बापांनी पाह्यलं तर एक पोरगी यायची न्हाई. पाचच्या आत नीट करा."

मी निलेशला फोन लावला. तो अर्ध्या तासात आला, गॉगल डोक्यावर, चेहऱ्यावर चिंता शून्य.

"ताई, हा व्हॉट्सअॅपचा अल्गोरिदम आहे. मी टायटल कधीच बदललंय. हे बघा, ब्राउजरमध्ये वर काय दिसतंय? नंदाबाई होमस्टे."

उंटावरचा शहाणा! मी पानाचा कोड उघडून त्याच्यासमोर सरकवला. "हे बघ. हे नाव तू स्क्रिप्टनं बदललंयस. पान उघडलं की स्क्रिप्ट चालते आणि वरचं नाव बदलतं. माणसाला दिसतं. पण लिंकचा चौकोन करताना व्हॉट्सअॅप तुझी स्क्रिप्ट चालवत बसत नाही. ते पानाच्या डोक्यावर लिहिलेल्या या ओळी वाचतं. शीर्षक, वर्णन, चित्राचा पत्ता. आणि या तिन्ही ओळी कुणाच्या आहेत?"

तो वाकून बघायला लागला. ओळी तुंगार्लीच्या कुठल्यातरी पूलवाल्या बंगल्याच्या होत्या. चित्राचा पत्तासुद्धा त्याच बंगल्याच्या साइटचा. या गड्यानं खालचं सगळं धुऊन पुसून घेतलं आणि डोक्याकडं ढुंकूनही बघितलं नव्हतं.

"दिसत नाही ना ते पानावर," तो म्हणाला.

"दिसत नाही म्हणून नसतं का? धन्य आहेस बाबा." मला इतकी चीड आली होती की नंदाबाईंसमोर मी त्याला आणखी चार गोष्टी ऐकवल्या. अशा लोकांमुळं आमच्या धंद्याचं नाव खराब होतं, हे तर मी दोनदा म्हटलं.  साइटचा पासवर्ड त्यानं गुमान दिला.

मग चित्राचा वाद. निलेशला गडाचा ड्रोनचा फोटो हवा होता. "व्हायरल जातो," म्हणे. अरे, चौकोन असतो केवढा, त्यात गड म्हणजे शेणाची गोवरी दिसेल! मी नंदाबाईंना विचारलं, मॅडम आल्या होत्या तेव्हाचा एखादा फोटो आहे का. होता. पडवीत चटया घातलेल्या, नंदाबाई परातीत भाकऱ्या मोजतायत आणि मागं दार उघडं. "माझं तोंड कशाला तितं," म्हणून त्या लाजल्या. मी म्हटलं, मावशी, बापाला लेकीसाठी दार आणि बाईच बघायची असते, गड नाही.

फोटो आडवा कापला, बाराशे बाय सहाशे तीस पिक्सेल. पाच एमबीचा होता तो तीनशे केबीच्या आत आणला, कारण जड चित्र असलं की चौकोन नुसताच रिकामा येतो. शीर्षक लिहिलं, 'नंदाबाईंचं घर, लोहगडवाडी'. वर्णनात 'मुलींच्या शिबिरांसाठी राहणं आणि घरचं जेवण'. चित्राचा पत्ता पूर्ण दिला, सुरुवातीच्या एचटीटीपीएसपासून. निलेशची ती स्क्रिप्ट उडवली. मग मी माझ्याच फोनवरून मला स्वतःला लिंक टाकून बघितली. आधी पुन्हा तलावच आला. सकाळी मी ती लिंक माझ्या फोनवरही टाकून बघितली होती, त्याला जुनंच आठवत होतं. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि दोनाचा आकडा लावून परत टाकली, तर चौकोन आला तो पडवीचा. स्वच्छ, ठसठशीत.

"या अल्लाह, झालं एकदाचं," मी म्हटलं आणि फोन नंदाबाईंना दाखवला. त्यांनी पदरानं डोळे पुसले. मलाही भारी वाटलं, खोटं कशाला बोलू.

"तीच लिंक का गं? पत्ता बदलला न्हाई?"

"तोच पत्ता मावशी. आता बिनधास्त टाका."

निलेश दारात उभा होता. "ताई, मावशींना सांगायचं का की जुना मेसेज..."

"तू आता एक अक्षर बोलू नकोस," मी म्हटलं. "तुझं सांगणं पुरे झालं. जा, गाडी काढ आणि मावशींना घरी सोड."

त्यानं गाडीची किल्ली काढली. नंदाबाई त्याच्या गाडीवर बसून गेल्या. मी चहा टाकला आणि मैत्रिणीला, माधवीला, फोन करून निलेशची नक्कल करत अर्धा तास हसले.

पाच वाजून बारा मिनिटांनी अपेक्षा मॅडमचा फोन आला. दुपारी मीच त्यांना फोन करून चौकोन नीट केल्याचं कळवलं होतं. "तुम्ही नीट केलं म्हणालात ना? मग हे काय आलंय ग्रुपवर?"

त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला. निळा तलाव. दोन ग्लास. फुल प्रायव्हसी. पाठवणाऱ्याच्या जागी नंदाबाईंचं नाव आणि वर बारीक अक्षरांत 'फॉरवर्डेड'.

तो शब्द वाचला आणि काय झालं ते मला कळलं. नंदाबाईंना फोनवर टाइप करता येत नाही. निलेशनं दोन वर्षांपूर्वी साइट झाली तेव्हा त्यांना लिंक पाठवली होती, तीच एक. कुणी पत्ता विचारला की त्या त्याच मेसेजवर बोट दाबून धरतात आणि पुढं ढकलतात. चौकोन तर पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतो आणि मेसेजला चिकटून बसतो. मी साइटवर काहीही बदललं तरी तो जुना मेसेज जुनाच राहतो, आणि फॉरवर्ड केला की तो तलावही सोबत जातो. हे मला माहीत होतं. पाठ होतं. मी नवी लिंक त्यांच्या फोनवर पाठवली असती तर दहा सेकंदांचं काम होतं. मी ती स्वतःला पाठवली आणि स्वतःच बघून खूश झाले.

ग्रुपच्या अॅडमिन म्हणून मॅडमनी तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला, पण तोवर एका बापानं त्याचा फोटो घेऊन प्राचार्यांना धाडला होता. 'हे शिबिर आहे की काय आहे?' मी नवी लिंक पाठवली, मॅडमनी पडवीचा चौकोन ग्रुपवर टाकला, हात जोडून समजावलं. कुणी उघडली नाही. सहाच्या आत सव्वीस नकार आले. मग प्राचार्यांचंच पत्र आलं, शिबिर रद्द.

मी नंदाबाईंना फोन लावला. त्यांनी पहिल्या घंटेलाच उचलला.

"पोरी, माजंच चुकलं," त्या म्हणाल्या. "मला येडीला काय कळतंय त्यातलं. तू दिवसभर खपलीस, आन् मी सगळं मातीत घातलं. त्या बायांना आत्ताच जाऊन सांगून आले, येऊ नका म्हणून. तू मनाला लावून घेऊ नगंस."

मला वाटलं, राहू दे असंच. कुणाला कळणार आहे? पण मागून निलेशचा आवाज आला, तो अजून तिथंच होता. "मावशी, रडू नका, मी चहा ठेवतो," असं काहीतरी तो म्हणत होता.

"मावशी, तुमचं नाही चुकलं," मी म्हटलं. "जुना मेसेज पाठवू नका, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. निलेश तेच सांगत होता दारात. मीच त्याला गप्प केलं."

 मग नंदाबाई हळूच म्हणाल्या, "त्याला कळत व्हतं, तुला बी कळत व्हतं. मंग न कळणारी मी एकटीच व्हते ना गं तितं? मला का न्हाई सांगितलं कुनी?"