खांद्यावरचा हात

२००५ साली कुमुदताई नाशकातल्या घरी एकट्याच राहत आणि जुने फोटो स्कॅन करून दुरुस्त करून देत. सुरगाण्याच्या बहिरूने द्राक्षतोडणीच्या टोळीचा चुरगळलेला फोटो आणला होता. वारलेल्या बायकोचा त्याच्याकडे तेवढाच फोटो. त्यात त्याला फक्त ती हवी होती.

दोन दिवस खपून ताईंनी घड्या बुजवल्या, बाकीच्या बाया काढल्या. तिच्या खांद्यावर मात्र एक हात उरला. तो पुसला तर खालचा पदर मनानेच रंगवावा लागणार होता. म्हणून त्यांनी बहिरूला बोलावून पडद्यावर दाखवलं.

"माझ्या आईचा हाय तो," बहिरू म्हणाला. "राहू द्या. एकटी नका ठेवू तिला."

प्रिंट घेऊन तो गेला. दार लावून ताई पुन्हा खुर्चीवर बसल्या. त्या आठवड्यात घरात दुसरं कोणी बोललं नव्हतं.