सहाच्या आत घरी

चार्टर्ड अकाउंटंट सिद्रामप्पा कोनापुरे यांना अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. तसं ते वाटावं असं काही घडलंही होतं, नाही असं नाही.

आदल्या वर्षी तीस जूनला त्यांचे हेडक्लार्क आबासाहेब प्राप्तिकर कार्यालयाच्या पायऱ्यांवरच चक्कर येऊन पडले होते. सोलापूरच्या सूतवाल्यांचं आणि चादरवाल्यांचं हिशेबाचं वर्ष दिवाळीला संपतं, पण वह्यांची गठुडी सीएकडे येतात ती आंब्याबरोबर. मग तीस जूनच्या आत सगळ्यांची रिटर्नं भरायची, म्हणून सगळा जून माणसं ऑफिसातच राबायची. आबासाहेबांच्या तोंडावर पाणी मारता मारता सिद्रामप्पांनी मनाशी ठरवलं, पुढच्या वर्षी असं होऊ द्यायचं नाही.

आणि ते बोलून थांबणारे नव्हते. होळी झाल्याबरोबर त्यांनी अशिलांना पत्रं धाडली, वह्या लवकर आणा. काहींनी ऐकलं, बऱ्याच जणांनी नाही. मग मिलमधल्यासारख्या पाळ्या लावल्या. क्लार्कांचे दोन गट केले. आज हा गट आठपर्यंत बसेल, उद्या तो. सलग दोन संध्याकाळी कुणालाच बसवायचं नाही. रविवारी ऑफिसला कुलूप. पंधरा जूननंतर आलेलं गठुडं उघडायचंच नाही, त्याचा मुदतवाढीचा अर्ज करायचा. जो थांबेल त्याला भाकरी-पिठलं ऑफिसच्या खर्चानं. आणि एक नियम त्यांनी छाती पुढे काढून सांगितला होता, "आमच्या ऑफिसात बाईमाणूस सहानंतर थांबणार नाही. सहाच्या आत घरी."

ऑफिसात बाईमाणूस एकच, टायपिस्ट कमलम्मा. बाप हातमागावर, घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. ती मान हलवून म्हणाली, "बरं साहेब." सिद्रामप्पांना वाटलं, पोरीला गहिवरून आलं.

दर शनिवारी ते सगळ्यांना समोर उभं करून विचारायचे, "काय मंडळी, कोण दमलं? स्पष्ट बोला." मंडळी हसायची. सीए व्हायला हाताखाली शिकणारा आर्टिकल शिवपुत्र म्हणायचा, "साहेब, लई आराम चाललाय की!" कमलम्माही हसायची. करसल्लागारांच्या बैठकीत सिद्रामप्पांनी ही पाळ्यांची पद्धत इतकी रंगवून सांगितली, की दोघांनी ती उतरवून घेतली.

जूनची वीस तारीख असेल. सकाळी सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन ते भवानी पेठेतून घरी निघाले होते. गुरप्पा मास्तरांच्या टायपिंग क्लासचं दार उघडं होतं, आत मशीन वाजत होतं. मास्तर पायरीवर दात घासत बसले होते.

"या साहेब," मास्तर चूळ भरून म्हणाले. "तुमचं निम्मं ऑफिस तर माझ्याकडंच चालतंय की."

"म्हणजे?"

"आत बघा."

आत कमलम्मा इंग्रजी मशीनवर बसली होती. दोन कार्बन घालून धोंडप्पा सूतवाल्यांचा ताळेबंद उतरवत होती. शेजारचं मराठी मशीन कापड टाकून झाकलेलं होतं. साहेबांना पाहिल्याबरोबर ती उठली आणि आधी तिनं त्या कागदांवर हात ठेवला.

"साहेब, कागद घरी नेत नाही मी," ती घाईघाईनं म्हणाली. "इथंच आणते आणि इथनंच ऑफिसात नेते. कुणाला दाखवलं न्हाई, देवाशपथ."

सिद्रामप्पांना आधी काही उमगेना. मग हळूहळू उमगलं, आणि उमगलं तसं त्यांचं तोंड गरम होत गेलं. क्लार्क दोन गटांत वाटले, पण दोन्ही गटांचं काम येऊन पडायचं एकाच मशीनवर. संध्याकाळी चार माणसं आरामात बसून जे तयार करायची, ते सकाळी हिच्या टेबलावर. एकेका ताळेबंदाच्या तीन प्रती, आकड्यांच्या रांगा, खोडलेलं चालत नाही. आणि हिलाच तेवढं सहाला घरी धाडलं जात होतं, मोठ्या मानानं.

"किती दिवस चाललंय हे?"

"मे लागल्यापासनं." ती खाली बघत होती.

"मग बोलायचं नाही का? दर शनिवारी विचारतो मी!"

"सगळ्यांसमोर कसं बोलायचं, साहेब? सगळे आराम हाय म्हणतात. मी एकटीनं दमले म्हटलं, तर काम जमत न्हाई असं वाटेल की."

खरं तर सिद्रामप्पांना तिच्यावर ओरडायचं होतं. ओरडता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण ओरडण्यासारखं तिच्याकडून काहीच झालं नव्हतं.

बाहेर आल्यावर मास्तरांनी उरलेलं सांगितलं, आणि ते ऐकवत नव्हतं. पोरीनं फी भरली होती ती मराठी टायपिंगच्या सरकारी परीक्षेसाठी. सत्तावीस तारखेला पेपर. पास झाली तर जिल्हा परिषदेच्या जागेला अर्ज करता येणार, आणि तिचं वय याच वर्षापुरतं बसतं. "मराठी मशीनला तिचा हात लागून महिना झाला," मास्तर म्हणाले. "मी म्हटलं, अगं, आपलं बघ. तर म्हणते, साहेब लई चांगले हायत मास्तर, त्यांच्या नियमाला बट्टा नको."

सिद्रामप्पा घरी न जाता तसेच ऑफिसला गेले. भिंतीवर त्यांच्या सुंदर अक्षरातला पाळ्यांचा तक्ता होता. त्याच्याकडे बघायची त्यांना लाज वाटली.

मग मात्र त्यांनी हातपाय हलवले, एवढं श्रेय द्यायला हवं. त्या दिवशी ते स्वतः अशिलांच्या दारी गेले. ज्यांची रिटर्नं टाइप व्हायची राहिली होती, त्यातल्या निम्म्यांच्या मुदतवाढीच्या अर्जावर सह्या घेतल्या. धोंडप्पा तर गादीवरून उठलेच. "मी वह्या मार्चात दिल्या की हो! व्याज कोण भरणार?"

"मी भरतो," सिद्रामप्पा म्हणाले. "चूक माझी आहे." गेल्या वीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पेठेत कुणी ऐकलं नव्हतं. धोंडप्पांनी गुपचूप सही केली.

मास्तरांकडून दुसरा टायपिस्ट रोजावर आणला. कमलम्माला सांगितलं, पेपर होईपर्यंत ऑफिसात यायचं नाही, पगार कापणार नाही. ती "बरं साहेब" म्हणाली, अगदी सहाचा नियम ऐकून म्हणाली होती तशीच. आता त्या दोन शब्दांचा सिद्रामप्पांना धसका बसला होता.

सत्तावीसला ते सकाळपासून घड्याळाकडे बघत होते. पोरीचं बरं झालं की आपली सुटका झाली, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. दुपारी कमलम्मा परीक्षेवरून सरळ ऑफिसातच आली. केसांत मोगरा होता, सकाळी आईनं माळला असणार.

"कसा गेला?" ते खुर्चीतून उठलेच.

"अर्धंच पान झालं, साहेब."

"अर्धं? का? मशीन खराब होतं?"

"मशीन चांगलं होतं." तिनं दोन्ही हात पुढे धरून बोटांकडे पाहिलं. "बोटंच इंग्रजीत जायला लागली. 'क' शोधायला गेले की दुसरंच उमटायचं. आठवडा बसले होते की मी मराठीवर. पण बोटांनी न्हाई ऐकलं."

शिवपुत्र पेन्सिल हातात धरून तसाच बसला. आबासाहेबांनी मान खाली घातली. सिद्रामप्पांना खूप बोलायचं होतं. 'पुढच्या वेळी' असं म्हणणार होते, पण वयाचं आठवलं आणि जीभ आवरली.

"तू घरी जा," ते कसेबसे म्हणाले.

"घरी जाऊन काय करू?" ती म्हणाली. रोजावरचा टायपिस्ट जेवायला गेला होता. तिनं पदर खोचला, खुर्ची पुढे ओढली आणि मशीनमध्ये कागद घातला. "इथं तरी बोटं बरोबर चालतात. आज कुणाचं रिटर्न द्यायचंय?"

रिटर्नं सिद्रामप्पांच्या हातातच होती. ती तिच्या टेबलावर ठेवायला त्यांचा हात पुढे होईना. शेवटी तिनंच उठून त्यांच्या हातातून ती घेतली.