सत्तावीस नंबरचा कागद

हरजीवनभाई कंदोई यांच्या गाठियाच्या दुकानाला भावनगरात एकेचाळीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात भट्टी पहाटे पाचनंतर पेटली, असं एकदाच घडलं होतं. त्या दिवशी हरजीवनभाईंचं लग्न होतं, आणि तेव्हाही उशीर झाला तो वीस मिनिटांचाच.

त्यांचा मुलगा नैषध सव्वीस वर्षांचा होता आणि त्याची कंबर मात्र आठ वाजल्याशिवाय उठत नसे. नैषध स्वतः लवकर जागा होई. कंबर मागे राही. तो आधी कुशीवर वळे, मग पाय खाली सोडी, मग पलंगाच्या कडेला बसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघे, आणि मग उठे. कॅलेंडर एका खाद्यतेलाच्या कंपनीचं होतं आणि त्यातले सणवार त्याला तोंडपाठ झाले होते. पाठ सैल व्हायला दीड तास लागे. दहा वाजेपर्यंत तो बेसनाची पोती उचलू शके.

घोटाळा नेमका इथेच होता. झोपल्यावर दुखतं आणि काम केल्यावर बरं वाटतं, असा आजार हरजीवनभाईंनी ऐकला नव्हता. कामाने बरं वाटत असेल तर पहाटे साडेचारला कामाला यावं, पाटावर पीठ वळावं, म्हणजे पाचलाच बरं वाटेल, एवढा साधा हिशेब पोराला का कळत नाही, हे त्यांना सहा वर्षं कळलं नव्हतं. गिऱ्हाइकांना ते सांगत, माझ्या पोराची पाठ सरकारी आहे, अकरा ते पाच चालते.

सहा वर्षांत तीन गाद्या बदलल्या. एका हाडांच्या डॉक्टरांनी मणका सरकल्याचं सांगून पट्टा दिला. सिहोरच्या एका काकांनी पाठीवर उभं राहून पाहिलं. त्या दिवशी काकांचाच पाय मुरगळला. शेवटी कोणीतरी संधिवाताच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. डॉ. ऋता वसावडा अहमदाबादहून महिन्यातून दोन शनिवारी भावनगरला येत असत.

डॉक्टरबाईंनी विचारलेले प्रश्न नैषधला सहा वर्षांत कोणी विचारले नव्हते. दुखणं हळूहळू सुरू झालं का? उत्तररात्री जाग येते का? उठून फिरलं की बरं वाटतं का? तो प्रत्येक वेळी हो म्हणाला आणि प्रत्येक 'हो'बरोबर त्याला वाटत गेलं, की ही बाई आपल्या खोलीत कॅलेंडरशेजारी बसून होती की काय. मग त्यांनी विचारलं, नितंबात दुखतं का आणि कोणत्या बाजूला. नैषधने वडिलांकडे बघितलं, खाली बघितलं आणि सांगितलं, "कधी डाव्या, कधी उजव्या."

"डॉक्टरसमोर तरी एका बाजूवर ठाम राहा," हरजीवनभाई म्हणाले.

डॉक्टरबाईंनी मात्र ते लगेच लिहून घेतलं. मग कमरेवर दहा सेंटिमीटरच्या अंतराने पेनाने दोन खुणा करून त्याला वाकायला लावलं. निरोगी कमरेत हे अंतर पंधराच्या आसपास जातं. नैषधचं साडेबारावर थांबलं. त्यांनी रक्तातली सूज बघायची तपासणी, माकडहाडाच्या वरच्या सांध्यांचा एमआरआय आणि एचएलए-बी सत्तावीस नावाची तपासणी लिहून दिली. ही शेवटची जनुकाची खूण बघते, आणि एकटी काही ठरवत नाही, बाकीच्या गोष्टींसोबत वाचायची, असं त्यांनी सावकाश सांगितलं. ही खूण आईकडून किंवा वडिलांकडून येते, हेही सांगितलं.

हरजीवनभाईंनी ऐकलं ते एवढंच शेवटचं वाक्य.

"आमच्या घराण्यात असलं काही नाही," ते म्हणाले. घरी येईपर्यंत ते घराण्यातल्या सगळ्या पाठी मोजत होते. आजोबा नव्वदाव्या वर्षी नारळाच्या झाडावर चढले होते. उतरवायला लोक लागले, पण ते डोळ्यांमुळे. जेवताना त्यांनी निकाल जाहीर केला. कागद कोरा आला, तर पोराला काही झालेलं नाही आणि सोमवारपासून पहाटे साडेचारला दुकान. कागदावर सत्तावीस निघाला, तर तो खरोखर आजारी. मग त्याने दुपारचा गल्ला सांभाळावा आणि त्याला कोणी काही बोलायचं नाही, स्वतः त्यांनीसुद्धा नाही. नैषधच्या आई, रसीलाबेन, म्हणाल्या की डॉक्टरबाई तर वेगळंच सांगत होत्या. त्यांना बाजरीचा आणखी एक रोटलो वाढण्यात आला आणि विषय संपला.

नैषधला गल्ला नको होता. त्याला गाठिया वळायचेच होते. दुपारी कोणी बघत नसताना तो सुरेख वळत असे. त्याला हवं होतं एवढंच, की सकाळी पलंगाच्या कडेला बसलेला असताना दारातून जाणाऱ्या बापाने उसासा सोडू नये. त्यामुळे रक्त द्यायला जाताना तो आजार निघू दे म्हणून खोडियार मातेला हात जोडत होता, आणि आपण काय मागतोय हे लक्षात आल्यावर त्याने अर्धा नमस्कार परत घेतला.

लॅबमध्ये हरजीवनभाईंनीही बाही वर केली. कोणी सांगितलं नव्हतं. घराण्याची अब्रू लेखी मिळत असेल तर त्यांना हवी होती. सोबत त्यांनी बर्फाचा डबा आणला होता, माल अहमदाबादला ताजा पोहोचावा म्हणून. रक्त घेणारा परेश म्हणाला की या तपासणीत पेशी जिवंत लागतात, नळी बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवायची नाही, अशीच जाणार. हरजीवनभाईंना हे पटलं नाही, पण दूधवाल्यांचंही त्यांना कधी पटत नसे.

गुरुवारी दोन पाकिटं आली. नैषध : निगेटिव्ह. रसीलाबेननी देवापुढे पेढा ठेवला. हरजीवनभाईंनी पोराकडे बघितलं. त्या नजरेत सहा वर्षांचा पाठपुरावा होता. मग त्यांनी स्वतःचं पाकीट फोडलं, चष्मा काढला, पुसला, घातला आणि कागद पुन्हा वाचला.

हरजीवन : पॉझिटिव्ह.

"नळ्या बदलल्या," ते म्हणाले.

हे सगळ्यांना पटलं. नैषधला तर फारच पटलं. शुक्रवार-शनिवार तो घरात अधिकृत आजारी होता. वडिलांनी त्याला खुर्ची पुढे सरकवली. दोन दिवस उसासा आला नाही, आणि नैषधला कळलं, की दुखणं तेवढंच असून माणूस किती हलका होऊ शकतो.

पण हरजीवनभाई लेखी गोष्टी अर्धवट सोडणारे नव्हते. त्यांनी लॅबमध्ये जाऊन दोघांचं रक्त पुन्हा घ्यायला लावलं. या वेळी परेश नळीवर नाव लिहीत असताना ते त्याच्या खांद्यावरून वाचत होते, आणि चिकटवलेल्या नावावर त्यांनी आडवी सही केली, जशी ते लोणच्याच्या बरणीवर करत. मंगळवारी कागद आले. अक्षरन् अक्षर तेच.

आता कायदा त्यांचाच होता. हरजीवनभाई दिलेला शब्द मागे घेणारे नव्हते. बुधवारी पहाटे साडेचारला निगेटिव्ह नैषध दुकानात पाटापुढे उभा होता, आणि पॉझिटिव्ह हरजीवनभाई घरी झोपले होते.

दुपारी ते गल्ल्यावर आले तेव्हा कमरेवर हात होता. एकेचाळीस वर्षांत त्यांना पाठ आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आता ती सगळीकडून जाणवत होती. उठताना ते आधी कुशीवर वळू लागले. रसीलाबेन त्यांना तेल लावू लागल्या आणि म्हणाल्या, "कोणती बाजू?" त्यांनी बराच विचार करून सांगितलं, "कधी डावी, कधी उजवी."

तिकडे नैषध पहाटे लाकडासारखा उभा राही. वाकता येत नसल्याने तो गुडघे वाकवून अख्खाच खाली जाई आणि अख्खाच वर येई. पहिले दोन घाणे वाकडे पडत, गिऱ्हाइकं कच्च्या पपईच्या संभाऱ्यासोबत ते निमूट खात. शुक्रवारी हरजीवनभाई न राहवून पाचला दुकानात डोकावले. पोराच्या हातातून झारा पडला होता. तो उचलायला तो कढईच्या कट्ट्याला धरून इंचाइंचाने उतरत होता आणि आजूबाजूला कोणी बघत नाही ना, हे आधी बघत होता. हरजीवनभाई खांबामागे गेले. कामचोर माणूस दुखणं दाखवतो, लपवत नाही. हे त्यांना चाळीस वर्षं कारागीर सांभाळून ठाऊक होतं. ते तसेच घरी आले. दुखऱ्या पाठीने ते जरा जास्तच झपझप चालत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंचा शनिवार होता. एमआरआयच्या फिल्मवर त्यांनी बोट ठेवलं. माकडहाडाच्या वरच्या दोन्ही सांध्यांलगत हाडात पांढरी सूज दिसत होती. रक्तातली सूजही वाढलेली होती. हा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसच, त्या म्हणाल्या, मणक्याचा संधिवात. सहा वर्षं होऊनही मणके अजून जुळलेले नाहीत, उपचाराची वेळ गेलेली नाही.

"पण कागद कोरा आहे," हरजीवनभाई म्हणाले आणि चारही रिपोर्ट टेबलावर मांडले.

डॉक्टरबाईंनी ते वाचले. वडिलांचा रिपोर्ट कोणी करायला सांगितला होता, असं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता समजावलं. हा आजार असलेल्या दहापैकी आठ-नऊ जणांत ही खूण सापडते, सगळ्यांत नाही. आणि निरोगी शंभरांतही पाच-सहा जण ती घेऊन फिरतात. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. वडिलांची खूण पोरात उतरायची शक्यता निम्मी असते. नैषधमध्ये ती उतरलीच नाही. आजार मात्र दुसऱ्या वाटेने आला.

"म्हणजे मला आहे, पण मला नाही. याला नाही, पण याला आहे," हरजीवनभाई म्हणाले.

"बरोबर. तुमची पाठ दुखते का?"

"चार दिवसांपासून."

डॉक्टरबाईंनी त्यांना वाकायला सांगितलं. हरजीवनभाई वाकले आणि त्यांचे दोन्ही तळवे फरशीला टेकले. मग नैषध वाकला. त्याची बोटं नडगीवर थांबली. हरजीवनभाई तसेच वाकलेले, उलट्या डोक्याने, पोराच्या अधांतरी बोटांकडे बघत राहिले. वर यायला त्यांनी फार वेळ लावला, आणि तो पाठीमुळे लागला नव्हता.

"घराण्यातून एवढी एकच गोष्ट माझ्याकडे आली होती," ते म्हणाले, "तीही मी याला दिली नाही. तरी सहा वर्षं ओरडलो."

"पप्पा, चार वर्षं. पहिली दोन तुम्ही गाद्या बदलत होता."

डॉक्टरबाईंनी जेवणानंतर घ्यायच्या सुजेच्या गोळ्या लिहिल्या, सोबत पोट सांभाळणारी एक; तेवढ्याने भागलं नाही तर पुढची इंजेक्शनं आहेत, म्हणाल्या. आणि रोजचा व्यायाम, चुकवायचा नाही, कारण या दुखण्याला हालचालच मानवते. हरजीवनभाईंनी पोराकडे बघितलं. सहा वर्षं ते अगदी हेच सांगत होते. पण त्यांनी तोंड उघडलं नाही, आणि हे नैषधने मनात नोंदवून ठेवलं.

सोमवारी भट्टी कारागिराने पेटवली. साडेपाचला हरजीवनभाईंनी गरम पाण्याची बादली नैषधच्या न्हाणीघरात नेऊन ठेवली, मग व्यायामाच्या चित्रांचा कागद घेऊन त्याच्यासोबत गच्चीवर गेले. नैषध मांजरासारखी पाठ फुगवत होता, कुरकुरत, इंचाइंचाने. शेजारी हरजीवनभाईही पाठ फुगवत होते, फारच छान.

समोरच्या गच्चीवरून शेजाऱ्याने विचारलं की आजार दोघांतल्या कोणाला आहे.

"कागद माझ्याकडे आहे," हरजीवनभाई म्हणाले, "पाठ याच्याकडे. दुकानात आठला या, गाठिया हाच वळेल."