आधी चूक, मग दुरुस्ती

धोकादायक घर तातडीने रिकामे करण्याची नोटीस फलकावर लावता लावता कारकून थबकला. फाइलीत घर क्रमांक ४१ होता, नोटिशीत ४७. सत्तेचाळिसात शिंपीकाका एकटे राहत आणि त्यांचे घर चांगले ठणठणीत होते.

तो धावत मोठ्या बाबूंकडे गेला.

“सही झालीय, जावक क्रमांक पडलाय. रद्द करायची तर फाइल पुन्हा वरपर्यंत जाणार,” मोठे बाबू म्हणाले. “शुद्धिपत्रक काढ.”

“मग ही लावत नाही.”

“अरे शहाण्या, न लावलेल्या नोटिशीची दुरुस्ती कसली करतोस? आधी चूक लाव!”

अकराला चूक लागली. शुद्धिपत्रकावर साहेबांची सही मिळेपर्यंत बारा वाजले. तोवर कायद्याला भिणाऱ्या शिंपीकाकांनी शिलाई मशीन हातगाडीवर चढवले होते आणि घराची चावी आवक विभागात जमा करून पोचही घेतली होती.

“काका, घर तुमचंच आहे,” कारकून ओशाळून म्हणाला.

“मग चावी द्या की.”

“आता ती आवक झालीय,” मोठे बाबू आतून म्हणाले. “अर्ज करा. तीस दिवसांत कळवू.”

कारकुनाने कोरा कागद ओढला आणि काकांच्या वतीने अर्ज लिहायला घेतला.