अर्धा इंच कफ

मालतीताईंचं डोकं तापलं होतं. सोलापुरातल्या त्यांच्या शिवणाच्या दुकानात नवरदेव युवराज लग्नाचा कोट घालून आरशापुढं उभा होता आणि त्याची आई मथुराबाई कोटाची बाही सारखी खाली ओढत होती.

“लई आखूड झालीय. आतला शर्ट दिसतोय की!”

“दिसायलाच हवा, अर्धा इंच! हात सैल सोडायला लावून खांद्याच्या शिवणीपासून दोन्ही मापं घेतलीत. कोट मनगटाच्या हाडापर्यंत आणि शर्ट त्याच्या खाली, पंजा सुरू होतो तिथवर.”

“बोटांपर्यंत सोडा. आत कापड दुमडलंय न्हवं?”

“नवरदेवाला काय गोणपाट घालायचंय?”

मथुराबाईंनी लेकाचा उजवा हात हळूच पदराखाली घेतला, तेव्हा कुठं मालतीताईंच्या ध्यानात आलं. चिंचोळीच्या कारखान्यात भाजलेला तो पंजा त्यांनी माप घेताना पाहिला होता. त्यांनी बाही उसवायला कात्री उचलली.

“राहू द्या, ताई,” युवराज म्हणाला. “आई, वैष्णवीनं पहिल्याच भेटीत हाच हात हातात घेतला होता. आता झाकायचा तरी कुणापासून?”

मथुराबाईंनी त्या हाताकडं पाहिलं. मग त्यांनी पदर बाजूला केला, दोन्ही बाह्या शेजारी शेजारी धरल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“ताई, अर्धा इंच म्हणालात न्हवं? ह्या उजव्या हाताला शर्टाचा कफ कमी दिसतोय की!”